कायम, पण कोणत्या तारखेपासून?

कंत्राटी कामगार कायम झाले की कारखान्याच्या गेटवर पेढे वाटले जातात, आणि ते वाटलेच पाहिजेत. पेढे संपल्यावर मात्र हातातली ऑर्डर सावकाश वाचायला हवी. नाव, हुद्दा, ग्रेड हे सगळे बघतात. खरा मजकूर ‘दिनांक अमुकपासून’ या एका ओळीत असतो. ती तारीख आठ वर्षं मागची आहे की परवाची, यावर पगाराचा आकडा, ज्येष्ठता यादीतली जागा, ग्रॅच्युइटी आणि सरकारी नोकरीत तर पेन्शनही ठरते. कामगार आयुष्यभर ‘कायम करा’ म्हणून भांडतो, आणि कायम होण्याच्या दिवशी तारखेकडे बघायचं राहून जातं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. २४० दिवस भरले की माणूस आपोआप कायम होतो, असं नाक्यानाक्यावर सांगितलं जातं. औद्योगिक विवाद कायद्यातले २४० दिवस मुळात कामावरून काढण्यापूर्वीच्या नोटीस आणि भरपाईसाठी होते. कायमपणाशी त्यांचा संबंध महाराष्ट्रात आला तो आदर्श स्थायी आदेशांमुळे. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराची मागच्या बारा महिन्यांत मिळून २४० दिवस अखंड सेवा झाली, तर त्याला लेखी आदेश देऊन कायम करावं, असं हे आदेश सांगतात. हंगामी कारखान्यात ही अट १९० दिवसांची. शिवाय १९७१ चा राज्याचा कायदा, ज्याला कामगार नुसतं ‘पीयूएलपी’ म्हणतात, तो पुढे जातो: कायमचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा.

पण हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या तात्पुरत्या कामगारासाठी. ठेकेदाराचा कामगार एक पायरी खाली उभा असतो. त्याला आधी ‘माझा खरा मालक कंपनीच आहे, ठेकेदार नावापुरता’ हे सिद्ध करावं लागतं. २००१ साली सिप्ला कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर पीयूएलपीखाली थेट तक्रार चालणार नाही. नात्याचा निकाल आधी लावून घ्या. त्याच वर्षी ‘सेल’च्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की सरकारने एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीवर बंदी घातली तरी कामगार आपोआप कंपनीत सामावले जात नाहीत. मात्र कंत्राट हा निव्वळ देखावा होता असं ठरलं, तर तो कामगार पहिल्यापासून कंपनीचाच. म्हणून ठेकेदारीतला कामगार ज्या वाटेने कायम होतो, ती वाटच त्याची तारीख ठरवते. देखावा सिद्ध झाला तर मागची सेवा आपली म्हणून मागता येते. युनियनने करार करून कायम करून घेतलं, तर करारात लिहिलं असेल तेवढंच मिळतं.

मुंबई महापालिकेच्या कचरा उचलणाऱ्या २,७०० कामगारांचा लढा या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने तो लढवला. पालिकेने कामाचे तुकडे असे पाडले होते, की एका ठेकेदाराकडे वीसपेक्षा कमी माणसं राहावीत, कारण तेव्हा वीस कामगारांपासून कंत्राटी कामगार कायदा लागू होत असे. कामगारांना कामगार न म्हणता ‘स्वयंसेवक’ म्हटलं जाई. झाडू, गाडी आणि हुकूम पालिकेचे. कागद तेवढा ठेकेदाराचा. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये कामगारांच्या बाजूने निकाल दिला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही कायम करण्याचा आदेश उचलून धरला. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. जिंकलेल्या अनेकांच्या नावाचं स्पेलिंग यादीत एक आणि आधार कार्डावर दुसरं निघालं, आणि त्या एका अक्षरापायी ते पुढेही रखडले. हजेरीचा कागद सांभाळणं हे वकिलाच्या युक्तिवादाइतकंच मोलाचं असतं ते यासाठी. २४० दिवस भरल्याचा पुरावा देण्याची पहिली जबाबदारी न्यायालयांनी कामगारावर टाकलेली आहे.

आता कारखान्यातलं एक कल्पित पण नेहमीचं उदाहरण घेऊ. एक कामगार १ जून २०१२ ला ठेकेदारामार्फत प्रेस शॉपमध्ये लागला. तीन वर्षांनी ठेकेदार बदलला, आणखी तीन वर्षांनी पुन्हा बदलला. मशीन, सुपरवायझर आणि शिफ्ट त्याच राहिल्या. १ जानेवारी २०२० पासून करारानुसार तो कंपनीत कायम झाला आणि ३१ डिसेंबर २०२४ ला घरच्या अडचणीमुळे त्याने नोकरी सोडली. त्या वेळी मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणजे एका वर्षाचे पंधरा दिवस १५,००० रुपयांचे झाले. कायम सेवा बरोबर पाच वर्षं, म्हणून हिशेब ७५,०००.

हीच सेवा जून २०१२ पासून सलग धरली तर बारा वर्षं सात महिने होतात. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष मोजतात, म्हणून तेरा वर्षं आणि रक्कम १,९५,०००. मधले १,२०,००० कुणी खाल्ले? तसे कुणीच नाही. पहिल्या दोन ठेकेदारांकडे प्रत्येकी तीन वर्षं आणि तिसऱ्याकडे दीड वर्षाच्या वर थोडं. ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षं एकाकडेही भरली नाहीत, म्हणून कुणाकडेच मागता येत नाही. ‘ठेकेदारीतील सेवा ग्रॅच्युइटीसाठी धरली जाईल’ हे एक वाक्य करारात असतं तर हा वाद उभाच राहिला नसता. वाटाघाटीच्या टेबलावर पगारवाढीच्या आकड्यावर रात्री जागवल्या जातात आणि हे वाक्य मात्र ‘बघू नंतर’ म्हणून राहतं, असा माझा अनुभव आहे.

उलट, कायम होण्याच्या दिवशी बहुतेकांच्या पुढे तीन कागद सरकवले जातात: ठेकेदाराकडचा राजीनामा, ‘सर्व हिशेब मिळाला’ अशी पावती आणि कंपनीचं ‘नवीन नियुक्तीपत्र’. आनंदात तिन्हींवर सही होते. पुढे सलग सेवेचा दावा करायची वेळ आली, की कंपनीचा वकील सगळ्यात आधी हेच तीन कागद काढतो. सही टाळता येत नसेल, तर निदान मागच्या सेवेचा हक्क राखून सही करत असल्याचं लिहावं आणि प्रत मागून घ्यावी.

नवीन नियुक्तीपत्रासोबत प्रोबेशन येतं. आठ वर्षं त्याच प्रेसवर बसलेल्या माणसाची सहा महिने परीक्षा घेण्यात काय अर्थ, हा कामगाराचा प्रश्न रास्त आहे. पण प्रोबेशनचा परिणाम कौशल्य तपासण्यापुरता राहत नाही. त्या काळात काम समाधानकारक नाही एवढं म्हणून साध्या पत्राने सेवा संपवता येते. कायम कामगाराला काढायचं तर आरोपपत्र, चौकशी, सगळं आलं. पत्र साधं असलं तरी त्यामागे चोरी, मारामारी असा ठपका असेल, तर प्रोबेशनवरच्यालाही चौकशीशिवाय काढता येत नाही. आदर्श स्थायी आदेशांत प्रोबेशन तीन महिन्यांचं आहे आणि ते पूर्ण झाल्यावर सात दिवसांत कायम करायचं असतं. सरकारी सेवेत तसं नसतं. तिथे मुदत उलटली आणि साहेबांनी काहीच कळवलं नाही, म्हणजे कायम झालो असं सहसा धरता येत नाही. नियमातच प्रोबेशनची कमाल मर्यादा असेल आणि ती ओलांडली असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून मुदत संपताच लेखी पत्र मागावं.

पगाराच्या बाबतीत तारीख आणखी हळू आणि खोल कापते. राज्य सरकारच्या सातव्या वेतन आयोगात सर्वांत खालच्या स्तराचं मूळ वेतन १५,००० पासून सुरू होतं आणि वर्षाला साधारण ३ टक्के वाढ मिळते. सात वर्षं कंत्राटी काम केलेल्या शिपायाला आदेशाच्या तारखेपासून नियमित केलं, तर तो १५,००० वर बसतो. सेवा मागून धरली तर त्याच दिवशी त्याचं मूळ वेतन १८,४०० च्या आसपास असतं, आणि महागाई भत्ता त्या आकड्यावर चढतो. यात एक मधला मार्गही असतो, त्याला ‘काल्पनिक वेतननिश्चिती’ म्हणतात. वेतनवाढी मागच्या तारखेपासून धरायच्या, पण प्रत्यक्ष पैसे आदेशाच्या तारखेपासून द्यायचे. मागचा फरक मिळत नाही. ऐकायला हा तोटा वाटतो, पण ज्याची वीस वर्षं नोकरी बाकी आहे त्याच्यासाठी फरकाच्या एका गठ्ठ्यापेक्षा योग्य जागी बसलेलं मूळ वेतन जास्त मोलाचं. तडजोडीला बसणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवून बसावं.

कायम होण्याआधीच्या काळाचं काय? २०१६ च्या जगजित सिंग निकालाने सरकारी खात्यांतल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना, काम तेच असेल तर, नियमित वेतनश्रेणीचं किमान वेतन मिळावं असं ठरवलं. वेतनवाढी त्यात नाहीत. कारखान्यातल्या ठेकेदारी कामगारालाही, कंपनीच्या कामगारासारखंच काम असेल तर तोच दर द्यावा, असं कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत होतं. कागदावर मात्र त्याच प्रेसवरच्या माणसाला ‘हेल्पर’ दाखवलं की हा नियम गळून पडे. पगारपत्रकावरचा हुद्दा आणि हातातलं काम जुळतं का, ही तपासणी कायम होण्याआधीच करावी लागते.

सरकारी नोकरीत तारखेची सर्वांत मोठी किंमत पेन्शनमध्ये आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना जुनी पेन्शन योजना बंद झाली. २००३ ला कंत्राटावर लागून २००७ ला नियमित झालेला माणूस रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे पूर्णपणे सेवा कुठून मोजली यावर आलं. शिवाय सरकारी खात्यात कायम होणंच अवघड आहे. २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने आलेल्यांचं नियमितीकरण रोखलं आणि मंजूर पदांवर दहा वर्षं काम केलेल्यांसाठी एकदाच सवलतीची वाट ठेवली. एसटी महामंडळाच्या २००९ च्या खटल्यात मात्र न्यायालयाने सांगितलं, की पीयूएलपीखाली औद्योगिक न्यायालयाला असलेला कायम करण्याचा अधिकार त्या निकालाने जात नाही. त्यासाठी रिकामी पदं मात्र असायला हवीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि वर सांगितलेले बरेच केंद्रीय कायदे त्यांत विरले. पीयूएलपी त्या रद्द यादीत नाही. नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते, ही बाजू जमेची. पण स्थायी आदेश आता ३०० कामगारांपासून लागतात. महाराष्ट्रात ही मर्यादा ५० होती, तेव्हा मधल्या आकाराच्या कारखान्यांत २४० दिवसांचा आधार यापुढे किती टिकेल हे न्यायालयांत ठरेल.

राहिला पीएफ. आपल्या प्रेसवाल्या कामगाराच्या एकाच यूएएनखाली तीन ठेकेदार आणि एक कंपनी अशा चार नोंदी असणार. पेन्शनला दहा वर्षं लागतात. कंपनीतली पाच एकटी पुरत नाहीत, चौघांची मिळून पुरतात. ठेकेदार बदलला की दर वेळी पीएफसोबत पेन्शनचे पैसेही काढून घेणाऱ्याची ती वर्षं मात्र पुसली जातात. ज्याने पैसे काढले नाहीत त्याने ‘सर्व्हिस हिस्ट्री’ उघडून प्रत्येक ठेकेदाराने सोडल्याची तारीख भरली आहे का ते बघावं; ती नसेल तर रक्कम पुढे सरकत नाही. एखाद्या ठेकेदाराने कापलेले पैसे भरलेच नसतील, तर ते भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. तो दावा त्या काळच्या पगाराच्या पावत्या घेऊन पीएफ कार्यालयात करायचा असतो.