पुनर्मुद्रण की सुधारित आवृत्ती?

प्रती संपल्या आणि मागणी कायम राहिली, एवढ्यावरून सुधारित आवृत्तीचे प्रयोजन सिद्ध होत नाही. मुद्रणदोष दुरुस्त करून केलेले पुनर्मुद्रण बहुधा पुरते. परंतु १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली, तेव्हा रुपये-आणे-पैंवर रचलेल्या अंकगणिताच्या पुस्तकांचा आधारच ढळला. अशा पुस्तकात आण्याच्या जागी सव्वासहा नवे पैसे लिहून भागत नाही, कारण तीन आण्यांचे पावणेएकोणीस पैसे होऊन मूळचे सोपे उदाहरण निष्कारण किचकट होते. म्हणून उदाहरणे नव्याने रचावीत, उत्तरे पडताळावीत, त्रैराशिकाची रीत मात्र (ती नाण्यांवर अवलंबून नाही) तशीच ठेवावी. मुखपृष्ठावर ‘सुधारित दुसरी आवृत्ती’ असे ठळक नमूद करावे, म्हणजे जुन्या व नव्या प्रतींची एकाच वर्गात सरमिसळ होणार नाही.