लिंक उघडते, पण फाइल उतरत नाही

शिष्यवृत्ती परीक्षेचे दिवस जवळ आले की जिंतूरच्या उर्दू आणि मराठी शाळांतल्या पालकांच्या ग्रुपवर लिंका येऊ लागतात. कुणी सराव प्रश्नपत्रिका पाठवतो, कुणी गणिताचे व्हिडिओ, कुणी बुद्धिमत्तेच्या सोडवलेल्या उदाहरणांची पीडीएफ. पाठवणारा मनापासून पाठवतो, घेणाऱ्यालाही मनापासून हवे असते. पण संध्याकाळी सात वाजता अम्मी मोबाइल हातात घेऊन लिंक दाबते, तेव्हा पडद्यावर पुस्तकाऐवजी एक इंग्रजी मजकूर येतो:

```
Sorry, you can't view or download this file at this time.
Too many users have viewed or downloaded this file recently.
```

काही वेळा वर मोठ्या अक्षरांत Quota exceeded असेही लिहिलेले असते. हे वाचून घरात तीन गोष्टी घडतात. कुणी म्हणते मोबाइल जुना झाला, कुणी म्हणते आपला डेटा संपला, आणि कुणी पाठवणाऱ्या शिक्षकालाच फोन करून विचारते, “सर, आम्हालाच का बंद केलं?” यातले काहीही खरे नसते. आम्ही शिक्षकांच्या खोलीत हे इतक्या वेळा समजावून सांगितले आहे की एकदा नीट लिहून काढावे असे वाटले.

ही फाइल बहुतेक वेळा गूगल ड्राइव्हवर ठेवलेली असते. ड्राइव्ह म्हणजे एखाद्याचे स्वतःचे कपाट. मालकाने त्याची किल्ली, म्हणजे लिंक, लोकांना दिली आहे. कपाट घरच्या कामासाठी किंवा दहा-वीस जणांनी मिळून वापरण्यासाठी ठीक आहे, पण त्यालाच कुणी रेशन दुकान करून टाकले, तर कपाट सांभाळणारी कंपनी थोड्या वेळासाठी दार ओढून घेते. एका फाइलवर ठराविक काळात किती लोक येऊ शकतात याची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वरचा संदेश दिसतो. नेमका आकडा किती, हे कंपनी सांगत नाही. संदेशात पुढे एवढेच लिहिलेले असते की फाइल फार मोठी असेल किंवा पुष्कळांना वाटलेली असेल, तर ती पुन्हा उघडायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

मर्यादा त्या एका फाइलवर आहे, आपल्यावर नाही, हे मुख्य आहे. त्यामुळे मोबाइल बंद-चालू करून, ब्राउझरची साठवण साफ करून किंवा दुसऱ्या सिमने प्रयत्न करून काही होत नाही. स्वतःची जागा वाढवून घेण्यासाठी पैसे भरले, तरी दुसऱ्याच्या फाइलवरची मर्यादा उठत नाही. खात्री करायची असेल, तर तीच लिंक शेजारच्या घरातल्या मोबाइलवर उघडून पाहावी. तिथेही हाच मजकूर आला, तर दोष आपल्या यंत्रात नाही.

अर्थात, दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असे दोन संदेश आहेत, त्यांची गल्लत करू नये. You need access असे आले, तर मालकाने आपल्याला किल्लीच दिलेली नाही. त्याने सेटिंग बदलून Anyone with the link केल्याशिवाय कितीही थांबून उपयोग नाही. आणि आपले साठवण भरल्याचा संदेश आला, तर तो आपल्या खात्याच्या जागेचा आहे. फुकट खात्यात १५ जीबी मिळतात आणि त्यात जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह यांचे सगळे मिळून मोजले जाते. फक्त too many users हे शब्द दिसले, तरच हा लेख आपल्या कामाचा.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, परभणीच्या एका शिक्षकाने गणिताच्या दहा पाठांचे व्हिडिओ एकत्र बांधून ७०० एमबीची एकच फाइल केली आणि शुक्रवारी रात्री पाच ग्रुपवर टाकली. प्रत्येक ग्रुपमध्ये २०० जण, म्हणजे एक हजार पालक. त्यांनी सगळ्यांनी उतरवली, तर एकाच फाइलमधून जवळपास ७०० जीबी बाहेर पडतात. शिवाय ती लिंक आणखी चार ग्रुपवर पुढे जाते, त्याचा हिशेब वेगळाच. शनिवारी सकाळी येलदरीकडच्या एखाद्या गावातल्या अब्बूंनी लिंक दाबली, तेव्हा दार बंद झालेले असते. पहिल्यांदा ज्यांनी उतरवली, त्यांच्याकडे फाइल आहे. ज्यांच्याकडे रात्री नेटवर्क नव्हते, तेच मागे राहिले. आम्हाला या प्रकरणात सर्वांत टोचते ते हेच.

आता अब्बूंनी काय करावे? घाई नसेल, तर थांबावे. मध्यरात्री बारा वाजता हिशेब नव्याने सुरू होतो असे नाही. दार बंद झाल्यापासून पुढे काही तासांत, जास्तीत जास्त दिवसभरात, ते उघडते. दर पाच मिनिटांनी लिंक दाबत बसू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या आसपास, जेव्हा ग्रुपमधले बहुतेक जण झोपलेले असतात, तेव्हा प्रयत्न केला तर फाइल मिळण्याची शक्यता अधिक.

घाई असेल, तर दुसरी वाट आहे. त्यासाठी स्वतःचे गूगल खाते हवे, आणि ते तर अँड्रॉइड मोबाइलवर बहुतेकांकडे असतेच. लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या आतल्या खिडकीत न उघडता ड्राइव्ह अ‍ॅपमध्ये उघडावी. फाइलच्या नावाशेजारी तीन ठिपके असतात, ते दाबल्यावर Make a copy असा पर्याय दिसतो. संगणकावर हाच पर्याय तीन ठिपक्यांत किंवा File या मेनूत असतो. तो दाबला की Copy of अशा नावाने एक नवी प्रत आपल्या My Drive मध्ये तयार होते. ही प्रत नवी फाइल आहे आणि तिचे मालक आपण आहोत. हजार लोकांची गर्दी जुन्या फाइलच्या खात्यावर लिहिली गेली होती, नवीच्या खात्यावर नाही, म्हणून ती बहुधा उतरते.

यात एक चांगली गोष्ट आहे, ती लक्षात येत नाही. प्रत तयार होते ती कंपनीच्या संगणकांवरच, आपल्या मोबाइलमधून ते ७०० एमबी जात-येत नाहीत. डेटा खर्च होतो तो प्रत आपण उतरवू तेव्हाच. म्हणजे नेटवर्क असेल त्या क्षणी प्रत करून ठेवावी आणि उतरवण्याचे काम वायफाय असलेल्या नातेवाइकाकडे गेल्यावर करावे. मात्र प्रत आपल्या १५ जीबीत जागा खाते. जागा उरली नसेल, तर प्रत होणारच नाही. तेव्हा काम झाले की तिला काढून टाकावे आणि Bin मधूनही काढावे, नाहीतर जागा काही काळ अडलेलीच राहते.

ही वाट नेहमी चालते असे नाही. काही वेळा मर्यादा ओलांडलेल्या फाइलची प्रत करू देत नाहीत, तेव्हा थांबण्याखेरीज इलाज नाही. आणि Make a copy हा पर्यायच दिसत नसेल, तर मालकाने उतरवणे, छापणे आणि प्रत करणे बंद ठेवले असण्याची शक्यता आहे. तिथे ओढाताण करू नये. मर्यादा ओलांडणे हा वाहतुकीचा प्रश्न आहे, मालकाने बंद करणे ही त्याची इच्छा आहे. दुसऱ्याची अमानत आहे, त्याला फोन करून विचारावे. “मर्यादा तोडून देतो” म्हणणाऱ्या संकेतस्थळांपासूनही दूर राहावे. ती आपला गूगलचा पासवर्ड मागतात किंवा एखादे अनोळखी अ‍ॅप टाकायला सांगतात, आणि त्यात फाइल मिळो न मिळो, खाते जाण्याचा धोका असतो.

प्रत करण्याचा एक तोटा शिक्षक म्हणून आम्हाला फार जाणवतो. समजा, त्या दहा पाठांपैकी सातव्या पाठात एका उदाहरणाचे उत्तर चुकले आणि शिक्षकाने मूळ फाइलमध्ये दुरुस्ती केली. ड्राइव्हमध्ये Manage versions वापरून नवी आवृत्ती घातली की लिंक तीच राहते आणि मूळ लिंकवर येणाऱ्याला दुरुस्त पाठ मिळतो. पण ज्यांनी प्रत करून ठेवली, त्यांच्याकडे चुकीचे उत्तर तसेच राहते. आणि ती प्रत चार मोहल्ल्यांत फिरली, तर परीक्षेच्या हॉलमध्ये चुकीचे उत्तर लिहिणारी मुले कुणाची, हे शोधूनही सापडणार नाही. म्हणून प्रत आपल्यासाठी करावी, पुढे पाठवताना मूळ लिंकच पाठवावी.

आता दोन शब्द पाठवणाऱ्यांसाठी, कारण दुखण्याचे मूळ तिथेच आहे. सगळे एकत्र बांधलेली एक मोठी फाइल लोकांना फार आवडते, एकच लिंक, एकदाच दाबा. पण मग प्रत्येक पालक दहाही पाठ उतरवतो, त्याला पाहिजे होता तो फक्त अपूर्णांकांचा. पाठ सुटे ठेवले, तर गर्दी दहा फाइलींवर वाटली जाते आणि प्रत्येकाचा डेटाही वाचतो. व्हिडिओ असेल, तर तो यूट्यूबवर Unlisted करून टाकावा. तो शोधून सापडत नाही, ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसतो, आणि यूट्यूब हजारोंना दाखवण्यासाठीच बनले आहे. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत तर आपल्या ड्राइव्हवर प्रत ठेवण्याचे काहीच कारण नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर मराठीबरोबर उर्दू माध्यमाचीही पुस्तके पीडीएफमध्ये आहेत, त्याचीच लिंक द्यावी. तिथे गेल्यावर ताजी आवृत्तीही मिळते.

गावात असाल, तर आणखी एक सोपी पद्धत आहे, आणि आमच्या मते ती सर्वांत कमी वापरली जाते. एका पालकाने फाइल उतरवली की त्याने ती व्हॉट्सअ‍ॅपवर Document म्हणून पाठवावी, त्यात २ जीबीपर्यंतची फाइल जाते. पण तिथे पुन्हा प्रत्येकाचा डेटा खर्च होतो. समोरासमोर बसलेले असाल, तर अँड्रॉइडमधले Quick Share वापरावे. जवळच्या मोबाइलवर फाइल थेट जाते, इंटरनेट लागत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर वऱ्हांड्यात दहा पालक उभे राहिले, तर ७०० एमबीची फाइल चहा होईपर्यंत सगळ्यांकडे पोहोचते. आयफोनवाल्यांसाठी मात्र बऱ्याचदा पेनड्राइव्ह किंवा दुसरा मार्ग पाहावा लागतो, आणि त्यासाठी शाळेचा संगणक चालू असला म्हणजे झाले.