तुरीचा हमीभाव आणि सरकारी खरेदीचा जमाखर्च

सन २०१६-१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत तूर इतकी पिकली कीं ती ठेवावयास जागा पुरेना. त्याच्या आदल्या वर्षीं अवर्षणामुळें साऱ्या राज्याचें पीक साडेचार लक्ष टनांच्या आसपासच होतें. सन २०१५ च्या अखेरीस शहरांत तूरडाळ किलोस दोनशें रुपयांपर्यंत चढली होती आणि तुरीचा भाव क्विंटलास दहा हजारांवर गेला होता. तो भाव पाहून शेतकऱ्यांनीं तूर पेरली, पाऊस वेळेवर झाला, आणि पीक सुमारें वीस लक्ष टनांवर गेलें. म्हणजे एका वर्षांत चौपटीहून अधिक. त्यांतच केंद्र सरकारनें टंचाईच्या भीतीनें जुलै २०१६ मध्यें मोझांबिक देशाशीं तूर आणण्याचा करार केला होता, आणि व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादाही घातलेली होती. एकीकडून माल वाढला आणि दुसरीकडून तो घेऊन ठेवणाऱ्याचे हात बांधले गेले. सन २०१७ च्या आरंभीं बाजारांत भाव चार हजारांच्या आसपास येऊन ठेपला.

सरकारचा हमीभाव त्या वर्षीं क्विंटलास ५,०५० रुपये होता. मूळ भाव ४,६२५ आणि वर बोनस ४२५. हमीभाव म्हणजे ज्याखालीं कोणीं खरेदीच करूं नये असा कायद्याचा भाव, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः सरकार आपल्या खरेदीकेंद्रावर ज्या भावानें माल घेतें, तो हा भाव. केंद्राच्या दारापर्यंत जो पोंचला आणि ज्याचें माप झालें, त्याला ५,०५० मिळाले. जो पोंचला नाहीं त्याला बाजार देईल तें घ्यावें लागलें. राज्याच्या पिकाचा निम्म्याहून कमीच भाग सरकारनें घेतला, बाकी सर्व बाजारांतच गेला.

तेव्हां पहिला प्रश्न असा कीं, जो पोंचला त्याच्या पदरांत खरोखर किती पडलें? कागदावर फरक क्विंटलास १,०५० रुपयांचा दिसतो. आपण एका खातेदाराचा हिशेब मांडून पाहूं. किरकोळ खर्चाचे आंकडे आम्हीं अदमासानें धरले आहेत. वाचकांनीं त्या ठिकाणीं आपापले आंकडे घालावे.

या खातेदाराची चार एकरांची तूर, एकरीं पांच क्विंटल, एकूण २० क्विंटल. त्यानें ती व्यापाऱ्यास ४,००० च्या भावानें दिली असती तर ८०,००० रुपये आले असते. त्यांतून टेंपोचें भाडें १,२०० आणि हमाली-मापाई ६०० वजा जातां हातांत ७८,२०० राहिले असते, तेही बहुधा त्याच आठवड्यांत.

आतां तोच माल घेऊन तो केंद्रावर गेला असें समजूं. तेथें प्रथम चाळणी लागते. काडी, खडा, फुटका व बारीक दाणा निघून शेंकडा दोन घट आली, म्हणजे ४० किलो. राहिलेल्या १९ क्विंटल ६० किलोंचे ५,०५० प्रमाणें ९८,९८० रुपये झाले. चाळणीखालचा माल गुरांच्या खाद्यासाठीं ८०० रुपयांस गेला. एकूण जमा ९९,७८०. आतां नांवें पाहूं. टेंपोचें भाडें १,२०० तेंच. परंतु बारदान संपल्यामुळें माप थांबलें आणि टेंपो चार दिवस रांगेंत उभा राहिला, त्याचा खोळंबा दिवसास ६०० प्रमाणें २,४००. राखणीचा माणूस व जेवणखाण ८००. पैसे खात्यांत जमा व्हावयास दोन महिने लागले. मध्यंतरीं त्याच्या डोक्यावर ६०,००० रुपयांचें हातउसनें कर्ज दरमहा शेंकडा दोन व्याजानें होतें, त्याचे २,४००. एकूण खर्च ६,८०० वजा जातां ९२,९८० रुपये उरले.

दोन्ही रकमांत अंतर १४,७८० रुपयांचें, म्हणजे क्विंटलास ७३९. कागदावरच्या १,०५० पैकीं ३११ रुपये चाळणी, रांग आणि व्याज यांनीं खाल्ले. हा ३११ चा आंकडा शेतकऱ्यानें नीट लक्षांत ठेवावा, कारण त्यावरून केव्हां केंद्रावर जावें आणि केव्हां जाऊं नये हें ठरतें. बाजारभाव सुमारें ४,७४० वर असता, तर या खातेदारानें तूर व्यापाऱ्याला दिली काय आणि सरकारला दिली काय, पदरांत सारखेंच पडलें असतें. त्याहून बाजार चढा असतां जो केवळ हमीभावाच्या नांवानें रांगेंत उभा राहतो, तो तोट्यांत जातो. उलट ज्याच्या डोक्यावर कर्ज नाहीं आणि ज्याचें केंद्र घराजवळ आहे, त्याचा हा आंकडा शंभरावरही येऊं शकेल. मोठा खातेदार अशा खरेदींत अधिक लाभ कां घेतो, याचें उत्तर येथेंच आहे; त्याला थांबणें परवडतें.

रांगेंतला धोका वरील हिशेबांत धरलेलाच नाहीं. त्या वर्षीं २२ एप्रिल २०१७ रोजीं केंद्राची खरेदी बंद झाली, तेव्हां माल घेऊन केंद्रांवर ताटकळणारे शेतकरी होतेच. पुढें राज्य सरकारनें स्वतःच्या जबाबदारीवर बाजार हस्तक्षेप योजनेखालीं उरलेली तूर त्याच भावानें घेतली, म्हणून बरें झालें.

आतां खातेवहीचें दुसरें पान. राज्यानें या योजनेखालीं सुमारें २५ लक्ष क्विंटल तूर घेतली. नुसती किंमतच १,२६२ कोटींहून अधिक होते. एका क्विंटलाचा हिशेब धरूं. खरेदी ५,०५०. बारदान, माप, हमाली, खरेदी करणाऱ्या संस्थेची दलाली आणि गोदामापर्यंतची वाहतूक मिळून अदमासें २५०. वर्षभराचें गोदामभाडें आणि अडकलेल्या पैशाचें व्याज ५००. एकूण ५,८०० रुपये. ही तूर भरडून डाळ करून शिधावांटप दुकानांतून विकण्याचें ठरलें. गिरणींत क्विंटलामागें सुमारें ७० किलो डाळ उतरते. चुनी व भुसा गिरणीवाल्याकडे राहिला आणि त्यांत भरडाई फिटली असें समजूं. डाळीचा दर प्रथम किलोस ५५ रुपये ठेवला होता. त्या दरानें ३,८५० रुपये येतात आणि तूट १,९५० ची राहते. परंतु ५५ चा दर आणि खुल्या बाजारांतील दर यांत फारसें अंतर नसल्यानें डाळ उठेना. शेवटीं सन २०१८ मध्यें दर ३५ वर आणावा लागला. मग जमा २,४५० आणि तूट ३,३५०. सर्व २५ लक्ष क्विंटल याच दरानें गेले असें मानलें तर तूट ८३७ कोटींच्या घरांत जाते, आणि त्यामागें शेतकऱ्यांच्या पदरांत अधिक पडलेली रक्कम ७३९ च्या हिशेबानें १८५ कोटींच्या जवळपास भरते. म्हणजे शेतकऱ्याच्या हातीं एक रुपया जावा म्हणून सरकारी तिजोरींतून सुमारें साडेचार रुपये गेले.

एवढ्यावरून सारा पैसा मातींत गेला असें म्हणणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. बाजारांत डाळ ६० रुपये धरली तर शिधापत्रिकाधारकास किलोमागें २५ रुपयांची सवलत मिळाली. क्विंटलामागच्या ७० किलोंवर ती १,७५० होते. तेव्हां ३,३५० पैकीं १,७५० गरीब गिऱ्हाइकाच्या घरीं गेले आणि ७३९ शेतकऱ्याकडे. बाकीचे ८६१ बारदान, भाडें, व्याज आणि खोळंबा यांत विरले. खरी नासाडी म्हणावयाची ती हीच. आमच्या मतें या रकमेंत सर्वांत वाईट भाग गोदामांतल्या वर्षाचा आहे. डाळ पहिल्याच तीन महिन्यांत ३५ च्या दरानें सोडली असती, तर ५०० पैकीं बहुतेक खर्च वांचला असता. ५५ चा दर धरून बसण्यांत सरकारची जी आशा होती, ती भाव चढेल म्हणून माल दाबून ठेवणाऱ्या कोणाही अडत्याची असते. मात्र अडत्याचा पैसा स्वतःचा असल्यानें तो लवकर शुद्धीवर येतो.

गोदामांतील मालाचा आणखी एक परिणाम झाला, तो कोणत्याच हिशेबांत दिसत नाहीं. सरकारजवळ लक्षावधि क्विंटल तूर पडून आहे, आज ना उद्यां ती बाहेर येणार, हें प्रत्येक व्यापारी जाणत होता. त्यामुळें सन २०१७-१८ सालीं हमीभाव बोनससह ५,४५० झाला, तरी बाजार पुन्हां त्याच्या पुष्कळच खालीं राहिला. आयातीवर वार्षिक मर्यादा ऑगस्ट २०१७ मध्यें आली आणि निर्यातीवरची जुनी बंदी सप्टेंबरांत उठली. हीं दोन्ही कामें आदल्या नोव्हेंबरांत, पीक शेतांत उभें असतांना झालीं असतीं, तर खरेदीचा बोजाच हलका झाला असता. दुसऱ्या बाजूनें हेंही खरें कीं, सरकारनें एवढा माल उचलला नसता तर बाजारभाव चार हजारांवरही टिकला नसता. ज्यांनीं केंद्राचें तोंडही पाहिलें नाहीं अशांस त्यामुळें क्विंटलास शें-दोनशें अधिक मिळाले असणें अगदीं शक्य आहे. तो लाभ मोजतां येत नाहीं, म्हणून आम्हीं वर धरला नाहीं. पण तो नव्हताच असें समजूं नये.

माल देणाऱ्यास उपयोगी अशा दोन गोष्टी राहिल्या. पहिली ओलाव्याची. केंद्रावर शेंकडा बारांहून अधिक ओल चालत नाहीं. घरीं परीक्षा करावयाची तर दाणा दातांखालीं धरावा; कट्कन फुटला तर ठीक, चेपला तर आणखी दोन उन्हें द्यावीं. परत आलेल्या गाडीचें भाडें वरील ३११ मध्यें धरलेलें नाहीं.

दुसरी गोष्ट सात-बाराची, आणि महसुलांत कारकुनी केल्यामुळें ती आमच्या विशेष परिचयाची आहे. आपल्याकडे तूर बहुधा कपाशींत किंवा सोयाबीनमध्यें आंतरपीक म्हणून असते. पाहणी करणारा मुख्य पीक लिहितो आणि तुरीचे तास लिहावयाचे राहून जातात. केंद्रावर उतारा पाहिला जातो तेव्हां त्यांत तूरच नसते, आणि घरीं वीस पोतीं असूनही शेतकऱ्याचें नांव यादींत चढत नाहीं. मग तो माल व्यापारी स्वस्तांत घेतो, आणि तूर न पिकविलेल्या एखाद्याच्या उताऱ्यावर तोच केंद्रावर येण्याची वाट मोकळी होते. सन २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकऱ्यास स्वतःच मोबाईलवरून नोंद करतां येते. त्यांत मिश्र पिकाचें क्षेत्र वेगळें भरावें लागतें. सन २०२५-२६ च्या हंगामासाठीं तुरीचा हमीभाव ८,००० रुपये जाहीर झाला. त्या भावावर हक्क सांगावयाचा तर नोंद तूर फुलोऱ्यावर येण्याची वाट न पाहतां मुदतींत करावी, आणि खरेदीची नोंदणी सुरू होण्यापूर्वींच उतारा काढून त्यांत ‘तूर’ हा शब्द आणि त्यापुढचें क्षेत्र आपल्या डोळ्यांनीं वाचून पाहावें.