क्लाऊडवरची गाणी आणि रोजचे दोन जीबी

गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवर गाणी चढवून ठेवली की फोनची जागा वाचते, हे खरं. पण त्याबरोबर आणखी एक समजूत आपोआप येते: फाइल उतरवून घेतली तर डेटा जातो आणि नुसती ‘वाजवली’ तर फारसा जात नाही. वाजण्यासाठी गाणं फोनपर्यंत यावंच लागतं. ते तुकड्यातुकड्यांनी येतं, वाजतं आणि काही वेळाने पुसलं जातं, एवढाच फरक. त्यामुळे एखादी ध्वनिफाइल एकदाच पूर्ण ऐकायची असेल, तर थेट वाजवण्यात आणि आधी उतरवून घेण्यात डेटा जवळपास सारखाच जातो. फरक दुसऱ्यांदा ऐकताना पडतो. उतरवलेली फाइल दुसऱ्यांदा फुकट वाजते. क्लाऊडवरची फाइल, अ‍ॅपने ती तात्पुरती साठवून ठेवलेली नसेल तर, पुन्हा पहिल्यापासून येते.

किती डेटा जाणार हे आधीच काढता येतं. फाइलच्या माहितीत ‘बिटरेट’ दिलेला असतो. त्याला आठाने भागायचं आणि साठने गुणायचं, की मिनिटाला किती केबी लागतील ते मिळतं. १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला सुमारे १ एमबी घेते, ३२० केबीपीएसची २.४ एमबी. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल १४११ केबीपीएसची असते, म्हणजे मिनिटाला साडेदहा एमबीच्या आसपास. ऐकणाऱ्याला तिन्ही वेळा ऐकू येतं तेच नाट्यगीत.

आता एक उदाहरण मांडून पाहू. कोणीतरी घरगुती मैफलीचं दीड तासाचं ध्वनिमुद्रण वेव्हमध्ये करून ड्राइव्हवर ठेवलं आणि लिंक सगळ्यांना पाठवली. फाइल साधारण ९५० एमबीची. कल्याणहून सीएसएमटीला जाणारा एक श्रोता सकाळी लोकलमध्ये पहिला तासभर ऐकतो. ६३५ एमबी गेले. संध्याकाळी परतताना तोच भाग पुन्हा लावतो, आणखी ६३५ गेले. रोजच्या २ जीबीपैकी सव्वा जीबीहून जास्त एका मैफलीत संपले. उरलेल्या सातशे एमबीत रात्रीच्या रील्स बसतीलच असं नाही. कोटा संपला की बहुतेक प्लॅनवर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात १२८ केबीपीएसचं गाणंसुद्धा सलग वाजत नाही, कारण तीन मिनिटांचं गाणं यायलाच सहा मिनिटं लागतात. हीच फाइल आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवली असती, तर मोबाइल डेटा शून्य. आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याने वेव्हबरोबर १२८ केबीपीएसची एमपीथ्री प्रतही ठेवली असती, तर अख्खा दीड तास ८६ एमबीत आला असता. माझ्या मते जास्त जबाबदारी लिंक पाठवणाऱ्याचीच आहे. मूळ वेव्ह जतन करायलाच हवी, पण ऐकायला पाठवताना हलकी प्रत पाठवावी.

संगीत पुरवणाऱ्या सेवांची सवय असल्याने इथे गफलत होते. त्या सेवांकडे एकाच गाण्याच्या कमी-जास्त दर्जाच्या प्रती तयार असतात आणि नेटवर्क पाहून त्यातली योग्य ती पाठवता येते. आपण क्लाऊडवर ठेवलेली ध्वनिफाइल मात्र साधारणपणे जशी चढवली तशीच, पूर्ण वजनानिशी येते. सेटिंगमध्ये दर्जा कमी करण्याचं बटण शोधलं तरी ते बहुधा सापडत नाही.

व्हिडिओचं गणित मात्र उलटं पडू शकतं. ड्राइव्हवर व्हिडिओ चढवला की गुगल त्याच्या कमी दर्जाच्या प्रती स्वतः बनवतं. म्हणूनच नवीन चढवलेला व्हिडिओ उघडला की थोडा वेळ ‘प्रक्रिया सुरू आहे’ अशा अर्थाचा संदेश दिसतो. या प्रती ड्राइव्हच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये वाजतात. समजा लग्नातला दहा मिनिटांचा प्रसंग आयफोनवर फोरके, सेकंदाला ६० फ्रेम असा टिपला. अ‍ॅपलच्याच आकड्याप्रमाणे असं चित्रण मिनिटाला सुमारे ४०० एमबी जागा घेतं. म्हणजे फाइल ४ जीबीची, दोन दिवसांचा कोटा. ‘डाउनलोड’ दाबलं की हे चार जीबी मुकाट खाली येतात. तोच व्हिडिओ ड्राइव्हच्या प्लेअरमध्ये ३६०पी दर्जावर पाहिला, तर काम साधारणपणे शंभर एमबीच्या आत होतं. फोनच्या छोट्या पडद्यावर वधूवरांचे चेहरे तरीही ओळखू येतात. एकदाच पाहायचा असेल तर व्हिडिओ उतरवण्यापेक्षा तिथेच पाहणं कितीतरी स्वस्त. फक्त तो ‘दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा’ असं करू नये. तसं केलं की दुसऱ्या अ‍ॅपला मूळ फाइलच लागते आणि सगळा फायदा गेला.

गाण्यांसाठी ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सला जोडणारी वेगळी प्लेअर अ‍ॅप मिळतात. त्यांच्यात एक छुपा खर्च असतो. पहिल्यांदा जोडल्यावर असं अ‍ॅप गायक, अल्बम आणि मुखपृष्ठाचं चित्र मिळवायला प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा भाग वाचू लागतं. एका गाण्यामागे २०० केबी धरले तरी हजार गाण्यांचे २०० एमबी होतात, तेही एक गाणं न ऐकता. हे काम वायफायवरच उरकावं.

मग उतरवायचं कसं? ड्राइव्हमध्ये दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. ‘डाउनलोड’ने फाइलची स्वतंत्र प्रत फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडते आणि कोणताही प्लेअर ती वाजवू शकतो. ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ने प्रत ड्राइव्ह अ‍ॅपच्या आतच राहते. अ‍ॅप काढून टाकलं की तीही जाते. गाण्यांसाठी मी पहिला पर्याय घेईन. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये फाइलची देवाणघेवाण फक्त वायफायवर करण्याचा पर्यायही आहे, तो सुरू ठेवावा. आयफोनवर तर सेटिंगमधल्या मोबाइल डेटाच्या यादीत एखाद्या अ‍ॅपचा मोबाइल डेटा पूर्ण बंद करता येतो. अँड्रॉइडवर कोणत्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला, ते नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दिसतं. मैफल ऐकण्याआधी आणि नंतर तो आकडा पाहिला की अंदाज राहत नाही, हिशेब हाती येतो.

गाणं खरंच उतरलंय की नाही हे ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे एअरप्लेन मोड. तो चालू करून, प्लेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा आणि गाण्याच्या मधोमध उडी मारायची. वाजलं तर फाइल फोनमध्ये आहे. नुसतं चालू गाणं थोडा वेळ वाजत राहिलं म्हणून फसू नये, ते आधी आलेल्या तुकड्यांवर चाललेलं असतं. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना हे बोगद्यात कळतं. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी त्यातून बाहेर येईपर्यंत साठलेले तुकडे पुरतीलच असं नाही.

तेव्हा जे वारंवार ऐकता ते वायफायवर उतरवून ठेवा, जे एकदाच पाहायचं ते ड्राइव्हच्याच प्लेअरमध्ये कमी दर्जावर पाहा, आणि इतरांना लिंक पाठवण्याआधी फाइल किती एमबीची आहे ते संदेशात लिहा.