इंग्रजीतील ‘ईडी’ व अनेकवचनी ‘एस’ या प्रत्ययांचे त्रिविध उच्चारण : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : प्रत्यय, घोष, अघोष, संधी, अवयव

प्रस्तावना

भोसरी, पिंपरी व चाकण परिसरातील कारखान्यांत मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ‘चेक्ड’, ‘रिजेक्टेड’, ‘गिअर्स’ असे शब्द रोज ऐकतो व वापरतो. मात्र हे शब्द त्याला देवनागरीतून परिचित झालेले असतात आणि देवनागरी लेखन येथे ध्वनीचे नव्हे, तर इंग्रजी अक्षरांचे अनुकरण करते. ‘फिनिश्ड’ असे लिहिले जाते, प्रत्यक्ष उच्चार ‘फिनिश्ट’ असा आहे. ‘गिअर्स’मधील अंत्य ध्वनी ‘स’ नसून त्याचे घोष रूप आहे. हे घोष रूप प्रस्तुत लेखात ‘झ’ या चिन्हाने दर्शविले आहे. सदर प्रत्ययांच्या उच्चारणाचा नियम व त्याच्या अध्यापनाचा क्रम यांचा विचार येथे केला आहे.

नियमाचे स्वरूप

प्रत्ययाचा उच्चार मूळ शब्दाच्या शेवटच्या ध्वनीवरून ठरतो, अक्षरावरून नव्हे. तो ध्वनी अघोष असल्यास ‘ईडी’चा उच्चार ‘ट’ व ‘एस’चा ‘स’ होतो. तो घोष असल्यास, म्हणजे स्वर, अनुनासिक किंवा ग, ब, व, ल यांसारखे व्यंजन असल्यास, अनुक्रमे ‘ड’ व ‘झ’ होतो. मूळ शब्दाचा शेवट प्रत्ययाशी फारच मिळताजुळता असला, तर दोन ध्वनी सलग ऐकू येणार नाहीत, म्हणून मध्ये ऱ्हस्व ‘इ’ येते : ट, ड यांनंतर ‘इड’ आणि स, झ, श, च, ज यांसारख्या ध्वनींनंतर ‘इझ’.

मराठी विद्यार्थ्यास ही कल्पना परकी नाही. आपद् + काल = आपत्काल या संधीत तो हेच पाहतो. भेद दिशेचा आहे. आपल्या संधीत नंतरचा वर्ण आधीच्या वर्णास बदलतो. इंग्रजीत आधीचा ध्वनी नंतरच्या प्रत्ययास बदलतो.

एक उदाहरण

पाळी संपताना सांगितले जाणारे पुढील वाक्य पाहू : ‘वुई चेक्ड द गेजेस, क्लीन्ड द फिक्स्चर्स अँड इन्स्पेक्टेड द पार्ट्स.’ ‘चेक’चा शेवट अघोष ‘क’, म्हणून ‘चेक्ट’. ‘क्लीन’चा शेवट घोष ‘न’, म्हणून ‘क्लीन्ड’. ‘इन्स्पेक्ट’च्या शेवटी ‘ट’, म्हणून ‘इन्स्पेक्टिड’. तद्वतच ‘गेज’च्या शेवटी ‘ज’, म्हणून ‘गेजिझ’; ‘फिक्स्चर’चा शेवट घोष, म्हणून ‘फिक्स्चर्झ’; ‘पार्ट’चा शेवट अघोष, म्हणून ‘पार्ट्स’. एकाच वाक्यात सहाही प्रकार येतात.

अडचणी व त्यांची कारणे

पहिली अडचण जादा स्वराची. ‘चेक्ट’ हा शब्द एका अवयवाचा आहे. विद्यार्थी ‘चे-केड’ असे दोन अवयव करतो. लिखित ‘ई’ हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मराठीच्या उच्चारपद्धतीत आहे : ‘रक्त’, ‘भक्त’ या शब्दांच्या शेवटी आपण किंचित ‘अ’ उच्चारतो, त्यामुळे स्वराविना संपणारे जोडाक्षर जिभेस अवघड जाते. दुसरी अडचण याच्या उलट, प्रत्यय गाळण्याची. ‘वुई चेक’ असे ऐकणाऱ्यास काम नित्य होते की आज झाले, याचा बोध होत नाही. तपासणीच्या वृत्तांतात हा भेद निर्णायक असतो. तिसरी अडचण ‘झ’ऐवजी ‘स’ उच्चारण्याची. तिने अर्थहानी क्वचितच होते, कारण शब्दान्तीचा हा ध्वनी मूळ इंग्रजी भाषकांच्या बोलण्यातही पुष्कळदा अंशतः अघोष होतो आणि भेद मुख्यतः आधीच्या स्वराच्या लांबीवरून ओळखला जातो.

अध्यापनाचा क्रम

पाठ्यपुस्तकांत सामान्यतः तिन्ही उच्चार एकदम दिले जातात. वरील विवेचनावरून निराळा क्रम सुचतो. प्रथम अवयव मोजावेत : टाळी वाजवून ‘चेक्ड’ला एक व ‘टेस्टेड’ला दोन. नंतर अंत्य जोडाक्षराचा सराव घ्यावा; ‘भक्त’ शब्द शेवटचा ‘अ’ न उच्चारता म्हणवून घेतल्यास ‘चेक्ट’ साधते. घोषत्व शेवटी घ्यावे. त्यासाठी गळ्यावर बोटे ठेवून लांब ‘स्‌ऽऽ’ म्हणावा व तो न तोडता कंप सुरू करावा. ‘झरा’तील ‘झ’ येथे चालत नाही, कारण त्याच्या आरंभी जीभ क्षणभर हवा अडविते.

मूल्यमापनात दोन मर्यादा ध्यानी घ्याव्यात. ‘चेक्ड द’ अशा जोडीत ‘ट’ सहज बोलण्यात लुप्तप्राय होतो. तो दोष मानू नये. प्रत्ययानंतर स्वर येईल अशी वाक्ये, उदाहरणार्थ ‘चेक्ड इट’, चाचणीस घ्यावीत. तसेच ‘नेकेड’, ‘विकेड’ व विद्वान या अर्थाचे ‘लर्नेड’ ही विशेषणे नियमाबाहेर असून त्यांत ‘इड’ कायम राहते.

निष्कर्ष

त्रिविध उच्चारांचा नियम एकच असला, तरी त्यातील चुका सारख्या वजनाच्या नाहीत. अवयवसंख्या व प्रत्ययाचे अस्तित्व यांवर अर्थ अवलंबून असतो, घोषत्वावर तुलनेने कमी. तोंडी परीक्षेतील गुणांची विभागणीही त्याच प्रमाणात असावी.