पाणी उतरतं, माती मागे राहते

औरंगपुऱ्यातल्या नळांना येणारं पाणी पैठणच्या नाथसागरातलं. हा जलाशय अडवणारी, १९७६ साली पूर्ण झालेली जायकवाडी धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आणि बहुतांशी मातीची आहे. धरण काठोकाठ भरलं की लोकांना भिंतीची काळजी वाटते. पण तिच्या पाण्याकडच्या उताराची खरी कसोटी लागते ती जलाशय झपाट्याने रिकामा होताना.

भरलेल्या धरणात बाहेरचं पाणी उताराला दाबून धरतं. शिवाय पाण्यात बुडालेली माती हलकी होते. एक घनमीटर चिंब मातीचं वजन सुमारे दोन टन असलं, तरी पाण्याखाली तिचा भार जेमतेम एक टन भरतो. पातळी खाली गेली की बाहेरचा आधार जातो आणि मातीला खाली ओढणारा भार जवळपास दुप्पट होतो. कणांमध्ये अडकलेलं पाणी मात्र अजून आतून दाब देत असतं, त्यामुळे घसरण रोखणारं घर्षण वाढत नाही. तीनास एक उताराची, तीस अंश घर्षणकोनाची माती घ्या आणि तिचा चिकटपणा हिशेबात धरू नका. बुडालेली असताना तिचा सुरक्षितता गुणांक १.७ येतो. पाणी उतरल्यावर, आतलं पाणी उताराला समांतर झिरपत असेल, तर तोच ०.९ च्या आसपास येतो. एकाखाली गेला की उतार घसरतो. म्हणूनच भारतीय मानक या स्थितीसाठी किमान १.३ मागतं.

आता ‘झपाट्याने’ म्हणजे किती, हे माती ठरवते. जायकवाडीची पूर्ण पातळी आणि उपयुक्त साठ्याची तळपातळी यांत सुमारे साडेआठ मीटरचं अंतर आहे. ते आठ महिन्यांत उतरलं, तर रोज साडेतीन सेंटिमीटर. आपल्याला हा वेग संथ वाटतो. पण घट्ट दाबलेल्या चिकणमातीतून पाणी दिवसाला मिलिमीटरच्या अंशानेच सरकतं. तिच्या दृष्टीने ही घाईच. म्हणून आपल्याकडच्या मातीच्या धरणांत काळी माती मधल्या गाभ्यात ठेवतात आणि बाहेरचं आवरण मुरमाचं करतात. चांगला मुरूम पातळीबरोबर पाणी सोडतो. त्यात चिकणमाती जास्त मिसळली, तर आवरणही पाणी धरून बसतं.

कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस धरणात १९८१ साली सुमारे १२० दिवसांत पातळी ५५ मीटर उतरवली गेली. भरावाखाली, मूळ टेकडीच्या उतारावर राहिलेला चिकणमातीचा थर कोरडा असताना टणक होता, पण जलाशयाच्या पाण्याने भिजून तो नरम पडला होता. सप्टेंबरमध्ये भिंतीचा पाण्याकडचा उतार त्या थरावरून घसरला. पाणी आधीच खाली गेलं होतं, म्हणून पूर आला नाही. उन्हाळ्यातली अशी घसरण दुर्लक्षित राहिली, तर पुढच्या पावसाळ्यात तीच अर्धवट भिंत भरलेल्या पाण्यासमोर उभी राहते.

भिंतीच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने जाणारी भेग, दगडी पिचिंगमध्ये पडलेला खोलगट भाग आणि खाली पायथ्याशी आलेला फुगवटा ही तिन्ही एका ओळीत दिसली, की पाणी सोडणं थांबवून आतला दाब मोजायला हवा.