वजन तेवढंच, तरी शरीर उपाशी : २७, ३० आणि ४५ या आकड्यांची गोष्ट

या भागात बोललेलं इथे थोडं नीटनेटकं करून लिहिलंय. हेडफोन नसतील तर वाचा, पाच मिनिटांचं काम आहे.

सुरुवात माझ्या मावसबहिणीपासून करते. वय २१, हाफ मॅरेथॉनची तयारी चाललेली. दिवाळीत घरी आली तेव्हा सहज म्हणाली, "ताई, चार महिने पाळीच नाही आली. बरंच झालं ना, रेसच्या दिवशी टेन्शन नाही." तिच्या ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलं होतं, की पाळी थांबली म्हणजे ट्रेनिंग जोरात चाललंय. आणि हो, नडगीचं हाड एका ठरावीक जागी दाबलं की दुखत होतं.

मी विचारलं, "नीट जेवतेस ना?" ती म्हणाली, "अगं, वजन बघ ना, वर्षभर ५० किलोच आहे. कमी खाल्लं असतं तर उतरलं नसतं का?"

आजचा भाग याच प्रश्नावर आहे. कारण उत्तर आहे : नाही, उतरेलच असं नाही.

हिशोब कसा करायचा?

आपण साधारणपणे खाल्लेल्या कॅलरी आणि दिवसभरात जाळलेल्या कॅलरी यांची तुलना करतो. एनर्जी अव्हेलेबिलिटी, म्हणजे ऊर्जेची उपलब्धता, वेगळा प्रश्न विचारते. व्यायामाने आपला वाटा उचलल्यावर हृदय, मेंदू, हाडं, हार्मोन्स या सगळ्यांसाठी मागे किती उरलं? पगारातून कर्जाचा हप्ता कापून गेल्यावर घरखर्चाला हातात किती राहतं, तसंच हे.

सूत्र सोपं आहे :

(खाल्लेल्या कॅलरी − व्यायामात गेलेल्या कॅलरी) ÷ चरबी सोडून उरलेलं वजन

चरबी सोडून का? कारण ऊर्जा मुख्यतः स्नायू आणि अवयव वापरतात. चरबीचा वापर त्या मानाने खूपच कमी.

आता बहिणीचे आकडे घालू. वजन ५० किलो, चरबी साधारण २० टक्के, म्हणजे १० किलो. उरले ४० किलो.

सकाळी ती १४ किलोमीटर पळायची. पळताना एका किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. ५० गुणिले १४, झाले ७००. पण इथे एक गंमत आहे. त्या ७०-८० मिनिटांत ती नुसती बसून राहिली असती तरी ७० एक कॅलरी गेल्याच असत्या. त्या व्यायामाच्या नावावर टाकायच्या नाहीत. म्हणून ७०० ऐवजी ६३०.

मग जेवण. पळायच्या आधी काळी कॉफी. नंतर प्लेटभर पोहे. दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा वरणभात, दही. एखादं फळ. संध्याकाळी चहा-बिस्किटं. रात्री "हलकं", म्हणजे एक भाकरी-भाजी, झोपताना दूध. आम्ही दोघींनी बसून बेरीज केली, साधारण १७२०.

१७२० वजा ६३० म्हणजे १०९०. भागिले ४०. उत्तर आलं २७.

आता सुट्टीच्या दिवशी तेच जेवण घ्या. व्यायाम शून्य. १७२० भागिले ४० म्हणजे ४३. ताट तेच, पण पळण्याच्या दिवशी शरीराच्या हातात खूप कमी उरतं. तिचं जेवण न पळणाऱ्या मुलीसाठी ठीकठाक होतं. पळणं वाढत गेलं, ताट मात्र तिथेच राहिलं. मुद्दाम डाएट कुणीच केलं नव्हतं.

३० आणि ४५ आले कुठून?

२००३ मध्ये अमेरिकेत अॅन लाउक्स आणि थुमा या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नियमित पाळी येणाऱ्या तरुण मुलींना पाच दिवस मोजून जेवण आणि मोजून व्यायाम दिला. ऊर्जेची उपलब्धता प्रत्येकीला एकदा ४५, आणि दुसऱ्या वेळी कुणाला ३०, कुणाला २० किंवा १०. मग दर काही मिनिटांनी रक्त घेऊन एलएच हे हार्मोन तपासलं. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ते ठोक्याठोक्याने सोडते आणि पाळीचं चक्र त्यावर चालतं. ३० च्या खाली गेल्यावर हे ठोके विरळ झाले, तेही अवघ्या पाच दिवसांत.

म्हणून ४५ ही सुरक्षित पातळी आणि ३० ही धोक्याची घंटा असं रूढ झालं. मधला पट्टा म्हणजे पिवळा सिग्नल.

वजनाचं कोडं इथे सुटतं. हातात कमी उरलं की शरीर खर्च कापतं. आधी जे लांबणीवर टाकता येतं ते : पाळी, हाडांची बांधणी, थायरॉईडचा वेग. हृदय तर थांबवता येत नाही ना! खर्चच कमी झाला की कमी खाण्यावरही वजन जागेवर राहतं. काटा म्हणतो सगळं ठीक, आणि तिकडे हाडांची डागडुजी बंद.

पण आकड्यालाच चिकटू नका

खाल्लेलं लिहिताना जवळपास सगळेच कमी लिहितात. फोडणीचं तेल, चहातली साखर राहून जाते. समजा बहिणीच्या यादीत ३०० कॅलरी राहिल्या असत्या, तर २७ चे थेट ३५ झाले असते. घड्याळातल्या कॅलरी आणि वजनकाट्यावरचे चरबीचे टक्केही अंदाजेच असतात.

दुसरं म्हणजे, ३० ही सगळ्यांसाठी सारखी रेघ नाही. कुणाची पाळी त्याच्या वरही बिघडते, कुणाची खालीही टिकते. पुरुषांमध्ये धोक्याची पातळी याहून खाली असावी असं दिसतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २०२३ च्या निवेदनातही सर्वांना लागू होईल असा एकच आकडा मानलेला नाही.

म्हणून आकड्यासोबत खुणा बघा. तीन महिने पाळी न येणं, हाडाच्या एकाच जागी दाबल्यावर दुखणं, सारखी सर्दी, झोप होऊनही न जाणारा थकवा. मुलांनो, तुम्हीही यात आहात. सकाळची उत्तेजना आणि लैंगिक इच्छा बरेच आठवडे कमी असेल तर ती तुमची खूण. लाजून लपवू नका.

पुढे काय झालं?

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पाळी थांबायला गर्भधारणा, थायरॉईड, पीसीओएस अशी इतर कारणंही असतात, ती आधी तपासली. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडावर ताण दिसला, अजून चीर पडली नव्हती. सहा आठवडे पळणं बंद.

मग उलटा हिशोब केला. ४५ गुणिले ४० म्हणजे १८००, त्यात पळण्याचे ६३०. एकूण २४३०. म्हणजे पळण्याच्या दिवशी ७०० एक कॅलरी कमी पडत होत्या. पळणं सुरू झाल्यावर त्या अशा भरल्या : पळायच्या आधी केळं, आल्या आल्या दूध आणि खजूर, दुपारी शेंगदाण्याचा लाडू, रात्री तूप लावून एक पोळी जास्त. सगळं घरातलंच.

वजन दीड किलो वाढलं. ती थोडी कुरकुरली. पाळी यायला अजून तीन महिने लागले. त्या दिवशी तिचा मेसेज आला, "ताई, आली!" पाळी आल्याचा इतका आनंद आमच्या घरात कधी कुणाला झाला नव्हता.

तुमच्या ग्रुपमध्ये "पाळी थांबली म्हणजे ट्रेनिंग मस्त" असं कुणी म्हणत असेल, तर हा भाग तिथे नक्की टाका. भेटूया पुढच्या भागात!